सगळ्या स्ट्रिंग येतात का? डीएफएला सोपा आणि कॉन्टेक्स्ट-फ्री ग्रामरला न सुटणारा प्रश्न

थिअरी ऑफ कम्प्युटेशनच्या उत्तरपत्रिका तपासताना एक उत्तर मला दर वर्षी भेटतं. प्रश्न असा असतो: दिलेलं कॉन्टेक्स्ट-फ्री ग्रामर आपल्या अक्षरांपासून होणारी प्रत्येक स्ट्रिंग तयार करतं का, हे ठरवायची रीत द्या, किंवा अशी रीत नाही हे दाखवा. उत्तर तीन ओळींत संपतं. ग्रामरचा पीडीए करा. त्याच्या फायनल स्टेट उलट्या करा. उलटलेल्या पीडीएची भाषा रिकामी आहे का ते बघा.

पहिली ओळ बरोबर आहे आणि तिसरीही. चुकते ती मधली. पण ती चूक का आहे हे नुसतं सांगून पटत नाही, कारण डीएफएच्या धड्यात हीच युक्ती त्याच मुलांनी बरोबर वापरलेली असते. म्हणून या लेखात आपण पाच अक्षरांचं एक छोटं ग्रामर हाताने बांधू, त्यातून नेमकी कोणती स्ट्रिंग निसटते ते पकडू, आणि मग एकच अक्षर बदलून तेच ग्रामर सगळ्या स्ट्रिंग देतं हे बघू. वही-पेन जवळ ठेवा, कारण खरी समज अक्षरं खोडताना येते.

आधी डीएफए

डीएफए सगळ्या स्ट्रिंग स्वीकारतो का, हे बघायला दोनच कामं करावी लागतात. सुरुवातीच्या स्टेटपासून बाणांवरून चालत कुठे कुठे पोचता येतं त्यावर खुणा करा. मग खूण झालेली प्रत्येक स्टेट फायनल आहे का ते बघा. एखादी फायनल नसलेली स्टेट खुणेत आली, तर तिथवर नेणारी स्ट्रिंग ही निसटलेली स्ट्रिंग. तशी एकही आली नाही, तर सगळ्या स्ट्रिंग स्वीकारल्या जातात. हे काम बाणांच्या संख्येइतक्या पावलांत होतं.

पुढे लागणारं यंत्रच उदाहरणाला घेऊ. अक्षरं पाच: `1`, `2`, `#`, `a`, `b`. आपल्याला «आकार बिघडलेल्या» स्ट्रिंग स्वीकारायच्या आहेत. चांगला आकार म्हणजे आधी एक किंवा जास्त आकडे, मग एकच `#`, मग शून्य किंवा जास्त `a`-`b`. यंत्राला चार स्टेट पुरतात: सुरुवात, «आकडे चालू आहेत», «`#` होऊन गेला», आणि «आकार बिघडला». तिसरी सोडून बाकी तिन्ही फायनल. खुणा करत गेलं की `1` वरून दुसऱ्या स्टेटला आणि `#` वरून तिसरीला पोचतो. ती फायनल नाही, म्हणजे `1#` निसटली. उत्तर मिळालं: हे यंत्र सगळं स्वीकारत नाही, आणि पुरावा दोन अक्षरांचा आहे.

हे इतकं सुरळीत होतं याचं कारण असं की एका स्ट्रिंगवर डीएफएची वाट एकच असते. वाट फायनल स्टेटवर संपली तर स्ट्रिंग आत, नाहीतर बाहेर. फायनल आणि बिगरफायनल यांची अदलाबदल केली की आतलं बाहेर जातं आणि बाहेरचं आत येतं, मध्ये काही लटकत नाही.

रेग्युलर एक्स्प्रेशन किंवा एनएफए हातात असेल तर काम जड होतं, पण थांबत नाही. एनएफएच्या n स्टेट असतील तर सबसेट कन्स्ट्रक्शनने होणाऱ्या डीएफएच्या जास्तीत जास्त 2ⁿ स्टेट होतात. ३० स्टेटच्या एनएफएसाठी ही संख्या १०७ कोटींच्या वर जाते, त्यामुळे «सोपं» हा शब्द इथे जपून वापरावा लागतो. मेयर आणि स्टॉकमायर यांनी १९७२ मध्ये दाखवलं की रेग्युलर एक्स्प्रेशनसाठी हा प्रश्न पीस्पेस-कम्प्लीट आहे. तरीही एक गोष्ट हातात राहते: काही निसटतच असेल, तर 2ⁿ पेक्षा कमी लांबीची एखादी स्ट्रिंग निसटतेच. कुठवर शोधायचं ते शोध सुरू करायच्या आधी मोजता येतं. पुढचा सगळा लेख या एका मर्यादेभोवती फिरतो, म्हणून ती लक्षात ठेवा.

पीडीए उलटवला की काय होतं

कॉन्टेक्स्ट-फ्री भाषेची «रिकामी आहे का» ही तपासणी खरंच सोपी आहे. ज्या व्हेरिएबलपासून निव्वळ अक्षरांची स्ट्रिंग होते त्यावर खूण करायची, खुणा झालेल्यांच्या आधाराने पुढच्या व्हेरिएबलवर करायची, आणि शेवटी स्टार्ट व्हेरिएबलवर खूण आली का ते बघायचं. एखादी ठरावीक स्ट्रिंग ग्रामरमधून येते का, हेही सीवायके अल्गोरिदम लांबीच्या घनाच्या प्रमाणात वेळ घेऊन सांगतो.

पीडीए मात्र अंदाज बांधत चालतो. एकाच स्ट्रिंगवर त्याच्या दहा वाटा असू शकतात आणि त्यातली एक फायनलला पोचली तरी स्ट्रिंग आत. आता फायनल स्टेट उलटवा. ती एक वाट बाद होईल, पण उरलेल्या नऊ बिगरफायनलवर संपत होत्या, त्या आता फायनलवर संपतील. म्हणजे स्ट्रिंग आधीही आत होती आणि उलटवल्यावरही आतच आहे. एनएफएमध्येही हीच अडचण येते, पण तिथे आपण आधी डीएफए करून घेतो. पीडीएमध्ये ती सोय नाही, कारण प्रत्येक पीडीएचा डिटरमिनिस्टिक पीडीए होत नाही.

पीडीए उलटवायची दुसरी एखादी हुशार युक्ती चालेल का? तीही चालणार नाही, कारण «बाहेरच्या» स्ट्रिंगची भाषा कधी कधी मुळात कॉन्टेक्स्ट-फ्रीच नसते. `aⁿbⁿcⁿ` या आकाराच्या नसलेल्या सगळ्या स्ट्रिंगची भाषा कॉन्टेक्स्ट-फ्री आहे: एक तर अक्षरांचा क्रम चुकलाय, किंवा `a` आणि `b` ची संख्या जुळत नाही, किंवा `b` आणि `c` ची. यातलं एक ओळखायला एक स्टॅक पुरतो. पण त्या भाषेच्या बाहेर जे उरतं ते म्हणजे `aⁿbⁿcⁿ`, आणि ते एका स्टॅकच्या आवाक्यात नाही. «अमुक एक चूक आहे» हे ओळखणं सोपं आणि «एकही चूक नाही» हे ओळखणं अवघड, हाच धागा धरून पुढचं बांधकाम करायचं आहे.

पायरी पहिली: जोड्यांचं कोडं

एमिल पोस्ट यांनी १९४६ मध्ये मांडलेलं हे कोडं. शब्दांच्या काही जोड्या दिलेल्या असतात, प्रत्येक जोडीत एक वरचा शब्द आणि एक खालचा. जोड्या एकापुढे एक मांडायच्या, तीच जोडी हवी तितक्या वेळा वापरायची. वरचे शब्द सलग वाचून आणि खालचे शब्द सलग वाचून एकच शब्द मिळेल अशी मांडणी आहे का? किमान एक जोडी वापरलीच पाहिजे.

आपण दोन जोड्या घेऊ. जोडी `1`: वर `a`, खाली `ab`. जोडी `2`: वर `ba`, खाली `a`. आधी `1` आणि मग `2` ठेवली की वर `a` + `ba` म्हणजे `aba`, खाली `ab` + `a` म्हणजे `aba`. कोडं सुटलं.

आता ही उकल एका स्ट्रिंगमध्ये लिहायची: आधी जोड्यांचे आकडे उलट्या क्रमाने, मग `#`, मग तयार झालेला शब्द. आपली उकल `21#aba` अशी दिसेल. क्रम उलटा लिहायचं कारण स्टॅक आहे. आकडे स्टॅकवर चढवत गेलं की सगळ्यात वर पहिल्या जोडीचा आकडा येतो, आणि `#` नंतर शब्द वाचताना नेमका तोच आधी लागतो.

अशी स्ट्रिंग उकल नसण्याची तीनच कारणं असू शकतात. तिचा आकार बिघडलाय, किंवा तिचा शब्द वरच्या शब्दांशी जुळत नाही, किंवा खालच्या शब्दांशी जुळत नाही. प्रत्येक कारणासाठी एक व्हेरिएबल करू: `A`, `B`, `C`.

पायरी दुसरी: ग्रामर

`A` म्हणजे मघाचंच चार स्टेटचं यंत्र, फक्त नियमांच्या रूपात. `B` ची कल्पना अशी: स्ट्रिंगचा डावीकडचा पहिला आकडा बघा आणि उजव्या टोकाला त्या जोडीचा वरचा शब्द आहे का ते बघा. असेल तर दोन्ही खोडा आणि आत सरका. कुठेतरी अडलात, तर शब्द जुळत नाही. अडण्याचे प्रकार दोनच. आकडा शिल्लक आहे पण उजव्या टोकाला हवा तो शब्द नाही, किंवा आकडे संपले आणि `#` पुढे अक्षरं उरली. `C` मध्ये हेच खालच्या शब्दांनी करायचं.

```
S  → A | B | C
A  → ε | 1J | 2J | #X | aX | bX
J  → ε | 1J | 2J | #K | aX | bX
K  → aK | bK | 1X | 2X | #X
X  → ε | 1X | 2X | #X | aX | bX
B  → 1Ba | 2Bba | #P | 1I#N | 2I#Q
C  → 1Cab | 2Ca | #P | 1I#M | 2I#R
I  → ε | 1I | 2I
W  → ε | aW | bW
P  → aW | bW
N  → ε | Wb
Q  → ε | a | Wb | Waa
M  → ε | b | Wa | Wbb
R  → ε | Wb
```

`N` म्हणजे `a` ने न संपणारे शब्द, `Q` म्हणजे `ba` ने न संपणारे, `M` म्हणजे `ab` ने न संपणारे, आणि `R` पुन्हा `a` ने न संपणारे. `N` आणि `R` सारखेच दिसतात, पण वेगळे ठेवलेत कारण पुढे `R` बदलायचा आहे.

पायरी तिसरी: निसटलेली स्ट्रिंग हाताने पकडा

`21#aba` घ्या. आकार चांगला आहे, म्हणून `A` मधून ती येत नाही. `B` ने बघू. डावीकडे `2`, उजव्या टोकाला `ba` आहे, म्हणून `2I#Q` ही वाट बंद. खोडलं की `1#a` उरतं. डावीकडे `1`, उजवीकडे `a` आहे, म्हणून `1I#N` बंद. खोडलं की नुसता `#` उरतो, आणि `#P` ला पुढे किमान एक अक्षर लागतं. वाट संपली, `B` मधून स्ट्रिंग येत नाही. `C` ने बघू: `2` आणि टोकाचा `a` खोडला की `1#ab`, मग `1` आणि `ab` खोडले की परत नुसता `#`. इथेही वाट संपली.

तिन्ही दारं बंद, म्हणजे `21#aba` या ग्रामरमधून येत नाही. सहापेक्षा कमी अक्षरांच्या, रिकामी स्ट्रिंग धरून, ३,९०६ स्ट्रिंग आहेत आणि त्या सगळ्या येतात. सहा अक्षरी १५,६२५ स्ट्रिंगमध्ये निसटते ती ही एकटीच.

पायरी चौथी: एक अक्षर बदला

जोडी `2` चा खालचा शब्द `a` ऐवजी `b` करा. ग्रामरमध्ये दोन जागा बदलतात: `2Ca` चं `2Cb` होतं, आणि `R` म्हणजे आता `b` ने न संपणारे शब्द, `ε | Wa`.

`21#aba` आता येते. टोकाला `b` नाही, म्हणून `C` मधून `2I#R` घ्यायचं, `I` चा `1` आणि `R` चा `aba` करायचा. ती आली, पण म्हणून सगळ्याच येतात असं लगेच म्हणता येत नाही. त्यासाठी कोडं सुटत नाही हे दाखवायला हवं. इथे ते चार ओळींत होतं. `1` ने सुरुवात केली तर वर `a`, खाली `ab`. पुढे `1` ठेवली तर वर `aa` होतं आणि दुसऱ्या अक्षराला बिघडतं. `2` ठेवली तर वर `aba`, खाली `abb`, तिसऱ्या अक्षराला बिघडतं. `2` ने सुरुवात केली तर वर `ba`, खाली `b`. पुढे `1` ठेवली तर `baa` आणि `bab`, `2` ठेवली तर `baba` आणि `bb`, दोन्ही बिघडतात. एकटी `1` किंवा एकटी `2` जुळत नाहीच. म्हणजे उकल नाही, निसटणारी स्ट्रिंग नाही, आणि बदललेलं ग्रामर सगळ्या स्ट्रिंग देतं.

काय घडलं ते बघा. «हे ग्रामर सगळं देतं का» या प्रश्नाचं उत्तर मला ग्रामरकडे बघून मिळालं नाही. ते मिळालं कोड्याकडे बघून, कारण निसटलेल्या स्ट्रिंग आणि कोड्याच्या उकली या एकच गोष्ट आहेत. जोड्या कुठल्याही द्या, वरच्या साच्यात भरून ग्रामर काही सेकंदांत तयार होतं. तेव्हा ग्रामरचा प्रश्न सोडवणारी रीत कुणाकडे असती, तर तिने प्रत्येक कोड्याला उकल आहे का हेही कळलं असतं. सिद्धतेची दिशा हीच ठेवायची: कोड्यापासून ग्रामरकडे. «ग्रामरचा प्रश्न कोड्याने सुटतो» असं उलट लिहिलं तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही, आणि परीक्षेत सगळ्यात जास्त गुण इथेच जातात.

पायरी पाचवी: सगळ्या कोड्यांसाठी एक रीत का नाही

दोन जोड्या होत्या म्हणून वरचं चार ओळींत उरकलं. दोन जोड्यांच्या कोड्याला उकल आहे की नाही हे नेहमीच ठरवता येतं, असं एहरेनफॉइख्त, कारहुमेकी आणि रोझेनबर्ग यांनी १९८२ मध्ये सिद्ध केलं. तीन जोड्यांचं एक कोडं घेऊ, म्हणजे आत काय चालतं ते दिसेल. जोडी `1`: वर `baa`, खाली `b`. जोडी `2`: वर `a`, खाली `baa`. जोडी `3`: वर `b`, खाली `aa`.

मांडणी करताना वरची ओळ खालच्या ओळीच्या किती पुढे गेली आहे, ते लिहीत जा. त्याला «शिल्लक» म्हणू. पहिली जोडी `1` च असू शकते, बाकीच्या दोन पहिल्याच अक्षराला बिघडतात. `1` ठेवली की शिल्लक `aa`. `3` ठेवली की खालच्या `aa` ने ती खाल्ली आणि वरून `b` जोडला गेला, शिल्लक `b`. मग `1`: शिल्लक `baa`. पुन्हा `1`: `aabaa`. मग `3`: `baab`. मग `2`: `ba`. शेवटी `2`: वरून `a` जोडला, `baa` झालं, खालच्या `baa` ने ते पूर्ण खाल्लं, शिल्लक शून्य. उकल `1311322`, तयार झालेला शब्द `baabbaabaabaa`.

या शिल्लकीकडे नीट बघा. पुढून अक्षरं खाल्ली जातात आणि मागे नवी जोडली जातात. ही रांग आहे, म्हणजे क्यू. आणि क्यू म्हणजे स्मरण. ट्युरिंग यंत्राची टेप, हेडची जागा आणि स्टेट हे सगळं एका स्ट्रिंगमध्ये लिहून या रांगेत ठेवता येतं. यंत्र q स्टेटमध्ये `a` वाचून `b` लिहितं, उजवीकडे सरकतं आणि r स्टेटला जातं, असा नियम असेल तर खाली `qa` आणि वर `br` अशी जोडी करायची. टेपवरच्या न बदलणाऱ्या अक्षरांसाठी वर-खाली तेच अक्षर असलेली जोडी. रांग एकदा पूर्ण फिरली की यंत्राचं एक पाऊल झालं: जुनी स्थिती पुढून खाल्ली गेली, नवी मागे उभी राहिली. सुरुवातीची स्थिती वर ओतणारी एक जोडी असते, आणि तीच पहिली यावी अशी अक्षरांची छोटी व्यवस्था करावी लागते. यंत्र थांबलं की शेजारची अक्षरं गिळत जाणाऱ्या खास जोड्या कामाला लागतात आणि शिल्लक शून्यावर आणतात. यंत्र थांबलंच नाही, तर शिल्लक कधीच शून्य होत नाही.

म्हणजे कोड्याला उकल आहे, बरोबर तेव्हाच जेव्हा यंत्र थांबतं. आणि ॲलन ट्युरिंगच्या १९३६ च्या कामापासून आपल्याला माहीत आहे की कुठलंही यंत्र थांबेल की नाही हे सांगणारी एकच सर्वसाधारण रीत असू शकत नाही. साखळी पूर्ण झाली: यंत्र, कोडं, ग्रामर. बार-हिलेल, पर्लेस आणि शमीर यांनी १९६१ मध्ये पोस्टच्या कोड्याचा आधार घेऊन कॉन्टेक्स्ट-फ्री ग्रामरच्या अशा प्रश्नांची अशक्यता दाखवली. अशक्यतेला जोड्याही फार लागत नाहीत. पाच जोड्यांपासून सर्वसाधारण रीत नाही, हे टर्लोह नियरी यांनी २०१५ मध्ये सिद्ध केलं. तीन आणि चार जोड्यांचा प्रश्न अजून उघडा आहे.

संगणकावर शोधलं तर?

शोधता येतं, आणि एका बाजूने ते कामही करतं. लांबीच्या क्रमाने एकेक स्ट्रिंग घ्या, सीवायकेने तपासा, एखादी येत नसेल तर थांबा आणि «नाही» सांगा. निसटणारी स्ट्रिंग असेल तर ही रीत कधी ना कधी तिला गाठणारच. नसेल तर ती कायम चालत राहते. «हो» म्हणायचा क्षण तिला कधीच येत नाही.

तीन जोड्यांच्या कोड्याचं ग्रामर बांधलं तर अक्षरं सहा होतात आणि निसटणारी स्ट्रिंग असते `2231131#baabbaabaabaa`. तिची लांबी २१ आहे. याहून कमी जोड्यांची उकल नाही, हे शिल्लकीचे सगळे फाटे लिहून पाहिले की एका पानात दिसतं. दहा अक्षरांपर्यंत तपासलं, तर नुसत्या दहा अक्षरी स्ट्रिंगच सहा कोटींच्या वर आहेत, आणि एकही निसटत नाही. २१ अक्षरी स्ट्रिंग 2 × 10¹⁶ पेक्षा जास्त आहेत. «कोटभर तपासल्या, सगळ्या आल्या» याला इथे पुरावा म्हणून काहीच किंमत नाही.

मघाची मर्यादा आठवा. एनएफएमध्ये 2ⁿ च्या आत काही निसटलं नाही तर शोध संपतो. ग्रामरसाठी तशी मर्यादा, ग्रामरच्या आकारावरून काढता येणारी, कितीही मोठी का असेना, अस्तित्वात असती तर आपण तिथवर सीवायके चालवून उत्तर दिलं असतं. उत्तर देणारी रीत नाही हे सिद्ध झालंय, म्हणून अशी काढता येणारी मर्यादाही नाही. वेगवान संगणकाने यात काही फरक पडत नाही.

स्वतः बांधताना चुका कशा ओळखायच्या

बहुतेक वेळा `#P` विसरलं जातं. तसं झालं तर `2#ba` निसटलेली दिसेल. `B` ने ती पूर्ण खोडली जाते, आणि `C` मध्ये `2` आणि `a` खोडून `#b` उरतं, ज्याला आता वाटच नाही. पण एकटी जोडी `2` ही उकल नाही: वर `ba`, खाली `a`. दुसरी नेहमीची चूक म्हणजे `N`, `Q`, `M`, `R` मधला ε विसरणं. मग `1#` निसटते, कारण रिकामा शब्दही «`a` ने न संपणारा» आहे हे ध्यानात राहिलेलं नसतं. दोन्हीवर परीक्षा एकच. निसटलेली स्ट्रिंग दिसली की `#` च्या आधीचे आकडे उलटे वाचा, जोड्या मांडा, आणि वर-खाली तोच शब्द येतो का बघा. येत नसेल तर चूक तुमच्या नियमात आहे.

प्रश्न कुठे सुटतो

अक्षर एकच असेल तर प्रत्येक कॉन्टेक्स्ट-फ्री भाषा रेग्युलर होते आणि डीएफएची रीत चालते. कुठल्याही स्ट्रिंगला एकाहून जास्त पार्स ट्री देत नाही असं ग्रामर असेल, तरीही प्रश्न सुटतो, कारण तिथे ट्री मोजले की स्ट्रिंग मोजल्या जातात. आपलं ग्रामर तसं नाही: बहुतेक न जुळणाऱ्या स्ट्रिंग `B` मधूनही येतात आणि `C` मधूनही.

आणि डिटरमिनिस्टिक पीडीए दिला असेल, तर त्या उत्तरपत्रिकेतल्या तीनही ओळी उभ्या राहतात. फक्त यंत्र स्ट्रिंग पूर्ण वाचल्याशिवाय अडकून पडणार नाही, एवढी काळजी आधी घ्यावी लागते. आपल्याच ग्रामरमधून `C` काढून `S → A | B` एवढंच ठेवा. वरच्या शब्दांशी न जुळणाऱ्या या स्ट्रिंग डिटरमिनिस्टिक पीडीए ओळखतो: आकडे चढवायचे, `#` नंतर एकेक उतरवत शब्द पडताळायचा. तो उलटवला की वरच्या शब्दांशी जुळणाऱ्या स्ट्रिंग मिळतात, आणि त्या रिकाम्या नाहीत, `1#a` त्यातलीच. `S → A | C` चंही तसंच, तिथे `1#ab` निसटते. दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारले तर लगेच सुटतात. `B` आणि `C` एकाच `S` खाली आले की दोन्हींतून निसटणारी एखादी स्ट्रिंग आहे का, हे विचारावं लागतं. ती एका स्टॅकने पकडता येत नाही, आणि तिथेच मधली ओळ कोसळते.